तणस आणि कोंडा : पोट भरते, भांडे भरत नाही

धानाची मळणी उरकली की आपल्या जिल्ह्यात घरोघरी तणसाचे ढीग उभे राहतात. वर्षभराची वैरण घरात आली, असे समाधान वाटते आणि ते खोटेही नाही. पण याच सुमारास दूध संस्थेत एक तक्रार कानावर येऊ लागते. गाय चांगली, जर्सी रक्ताची, जनून दोन महिने झाले, खायला कमी नाही, तरी दूध चार लिटरच्या वर चढत नाही. पाठीचा कणा दिसायला लागला, माजाचा तर पत्ताच नाही. मग कोणी म्हणतो जात खराब निघाली, कोणी म्हणतो नजर लागली. डॉक्टर येतात, जंताचे औषध देतात, एखादे इंजेक्शन होते, आणि पुन्हा चार लिटर ते चारच.

अशा दहा गायींपैकी बहुतेकींचा दोष गव्हाणीत सापडतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण गोठे दोन्हीकडचे सारखेच राहिले. गायीपुढे धानाचे तणस, घमेल्यात धानाचा कोंडा, आणि सायंकाळी धुऱ्यावरचे थोडे गवत. तणसही धानाचे, कोंडाही धानाचाच. एकात जे नाही ते दुसऱ्यातही पुरेसे नाही. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून आज आपण कागद-पेन्सिल घेऊन एका गायीचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. एकदा ही रीत हातात बसली की आपल्या गायीचा हिशेब आपल्यालाच करता येईल.

आधी गायीचे वजन पाहिजे. गावात जनावर तोलायचा काटा नसतो, पण शिंप्याचा टेप असतो. गाय सपाट जागेवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा; आलेला आकडा म्हणजे किलोतले वजन. आपल्या गायीचा घेर ६३ इंच आणि लांबी ५८ इंच भरली असे समजू. ६३ गुणिले ६३ म्हणजे ३९६९, त्याला ५८ ने गुणले की २ लाख ३० हजार २०२, आणि ६६० ने भागले की ३४९. म्हणजे गाय साडेतीनशे किलोची. दहा-पंधरा किलो इकडे तिकडे होईल, त्याने आपले काम अडत नाही.

आता या गायीची गरज. जनावराच्या खाण्यात दोन गोष्टी मुख्यत्वे मोजायच्या. एक म्हणजे पचणारी प्रथिने. दुसरी म्हणजे चाऱ्यातून अंगी लागणारी सगळी शक्ती. पुस्तकात तिला एकूण पचनीय पोषकद्रव्ये म्हणतात, आपण नुसते कस म्हणू. साडेतीनशे किलोची गाय नुसती उभी राहिली, दूध दिले नाही, तरी तिला रोज सुमारे २२५ ग्रॅम पचणारी प्रथिने आणि २ किलो ७०० ग्रॅम कस लागतो. हा तिचा स्वतःचा घरखर्च. त्याच्या वर, चार-साडेचार फॅटच्या प्रत्येक लिटर दुधाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने आणि ३२० ग्रॅम कस लागतो. या गायीकडून आठ लिटर दूध पाहिजे असेल, तर दुधाचे ४०० ग्रॅम आणि घरखर्चाचे २२५ मिळून ६२५ ग्रॅम प्रथिने झाली. कस तसाच जोडला तर सव्वापाच किलोच्या थोडा वर जातो. हे दोन आकडे गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा : सव्वासहाशे ग्रॅम प्रथिने, सव्वापाच किलो कस.

आता सध्या ती काय खाते ते पाहू. समजा, रोज सहा किलो तणस, तीन किलो कोंडा आणि धुऱ्यावरचे पाच किलो हिरवे गवत. तणसातून पचणारी प्रथिने जवळजवळ शून्य मिळतात. कस किलोमागे ३६० ग्रॅम. चांगल्या मिलच्या कोंड्यात किलोमागे प्रथिने ८० ग्रॅम आणि कस ६५० ग्रॅम धरा. हिरव्या गवतात किलोमागे प्रथिने १० ग्रॅम आणि कस ११० ग्रॅम. बेरीज केली की कस येतो ४ किलो ६६० ग्रॅम. त्यातून घरखर्चाचे २ किलो ७०० वजा केले तर जवळपास दोन किलो उरतो, म्हणजे सहा लिटर दुधापुरता. ठीक आहे. आता प्रथिने पाहा. कोंड्याची २४० आणि गवताची ५०, मिळून २९०. घरखर्चाची २२५ गेली, उरली फक्त ६५ ग्रॅम. पन्नासने भागा. सव्वा लिटर!

इथे सगळे दुखणे आहे. कस सहा लिटरचा, प्रथिने सव्वा लिटरची. मग गाय चार लिटर देते ते कुठून? ताजी जनलेली गाय आपल्या अंगावरचे मांस झिजवून देते. म्हणून कणा वर येतो, म्हणून तिसऱ्या महिन्यातही माज दिसत नाही, आणि संस्थेत एसएनएफ कमी लागला की सचिवाशी आपले भांडण होते. शिवाय तो सहा लिटरचा कसही कागदावरच राहतो. तणस गायीच्या पोटातले सूक्ष्म जीव पचवतात, आणि त्या जीवांना वाढायला प्रथिनांतला नत्र लागतो. तो कमी पडला की तणस पहिल्या पोटात नुसते पडून राहते. पोट फुगीर दिसते, गाय रवंथ करीत बसते, मालकाला वाटते पोटभर झाले. शेण कडक, थरावर थर बसलेले पडते. असे शेण दिसले की प्रथिने कमी आहेत हे समजून चाला.

“मग कोंडा वाढवतो,” असे बरेच जण म्हणतात. कोंडा जवळच मिळतो, मिलचे गाव आपले, आणि पोते ढेपेपेक्षा स्वस्त. पण कोंडा वाढवून हे दुखणे बरे होत नाही. एक तर ताज्या कोंड्यात तेल फार असते. तीन किलो कोंड्यातून साधारण चारशे ग्रॅम तेल पोटात जाते, आणि जास्त तेलाने तणस पचवणारे जीव मंदावतात. दुसरे, कोंड्यात स्फुरद भरपूर पण कॅल्शियम नाहीच म्हटले तरी चालेल. तणसात जे थोडे कॅल्शियम आहे ते त्यातल्या ऑक्झलेटने बांधून ठेवलेले असते, गायीला फारसे मिळत नाही. आठ लिटर दुधातून रोज नऊ-दहा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, ते शेवटी हाडांतूनच निघते. तेव्हा एका दुभत्या गायीला रोज एक, फार तर सव्वा किलो कोंडा. त्याच्या वर नको.

कोंडा कोणता, हेही पाहायला हवे. जुन्या हलरवर धान भरडले की तूस, कोंडा आणि बारीक कणी एकत्रच निघते. त्यात निम्म्याहून अधिक तूसच असते, आणि तुसात गायीच्या कामाचे काही नाही. शेलर बसवलेल्या मिलमध्ये तूस आधी वेगळे होते, मग पॉलिशचा कोंडा येतो. वर ८० ग्रॅम धरले ते या कोंड्याचे. ओळखायचे कसे? चिमूटभर कोंडा तळहातावर चोळा. मऊ, तेलकट लागला तर चांगला. कुसळासारखा टोचला तर तूस. दुसरी गोष्ट वासाची. तेलाचा कोंडा उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतच खवट होतो, आणि खवट कोंड्याला गाय तोंड लावत नाही. म्हणून स्वस्त मिळाला तरी महिन्याची पोती एकदम भरू नका. तेल काढलेला कोंडा टिकतो, त्यात प्रथिने थोडी जास्त आणि कस कमी असतो.

आता स्वस्त-महागाचे पाहू. दुकानात आपण पोत्याचा भाव विचारतो, खरे तर प्रथिनांचा भाव विचारायला पाहिजे. समजा कोंडा २० रुपये किलो आहे आणि सरकी ढेप ३५ रुपये. कोंड्याच्या एका किलोत ८० ग्रॅम पचणारी प्रथिने, म्हणजे एक किलो प्रथिने पदरात पडायला साडेबारा किलो कोंडा, अडीचशे रुपये. सरकी ढेपेत किलोमागे १७५ ग्रॅम, म्हणजे एक किलो प्रथिनांना पावणेसहा किलो ढेप, दोनशे रुपये. जवसाची ढेप ४५ रुपये धरली, तर तिच्यात किलोमागे २५० ग्रॅम आहेत. चार किलोत काम होते, एकशे ऐंशी रुपये. सगळ्यात महाग पोते प्रथिनांना सगळ्यात स्वस्त निघाले. हे भाव मी उदाहरणाला घेतले आहेत. आपण आपल्या दुकानाचे आजचे भाव घालून पाहा. उत्तर दर हंगामात बदलते, रीत तीच राहते. भाव उलटले तर ढेप बदला, त्यात कमीपणा नाही.

पण या सगळ्यांपेक्षा स्वस्त प्रथिने दुकानात नाहीतच, ती बांधीत आहेत. मी बरसीमबद्दल बोलतो आहे. आपल्याकडे हिरवा चारा म्हटला की लोक संकरित नेपिअरची ठोंबे आणून लावतात. लावा, अवश्य लावा, उन्हाळ्यात तोच कामी येतो. मात्र नेपिअर गवतवर्गीय आहे. त्याने पोट भरते, थोडा कस मिळतो, जीवनसत्त्व अ मिळते. प्रथिने किलोमागे दहा ग्रॅमच. बरसीम द्विदल आहे. तिच्यात पाणी जास्त असूनही किलोमागे वीस ग्रॅम पचणारी प्रथिने मिळतात, म्हणजे दुप्पट. आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर, स्फुरद कमी. कोंड्याचे नेमके उलट. म्हणून बरसीम आणि कोंडा ही जोडी जमते, एकाची उणीव दुसरा भरतो. तणस आणि कोंडा ही जोडी कधीच जमत नाही.

चला, त्याच गायीला आता आठ लिटरची जेवणाची पाने मांडू. बरसीम १५ किलो : प्रथिने ३०० ग्रॅम, कस किलोमागे ९० ग्रॅम धरून १ किलो ३५० ग्रॅम. तणस ५ किलो : प्रथिने शून्य, कस १ किलो ८०० ग्रॅम. आतापर्यंत प्रथिने ३०० झाली, कस ३ किलो १५०. भिंतीवरचे आकडे पाहा. अजून सव्वातीनशे ग्रॅम प्रथिने आणि दोन किलोच्या वर थोडा कस पाहिजे. तो खुराकातून द्यायचा. सव्वा किलो सरकी ढेप घेतली तर प्रथिने २१९ आणि कस ८७५ ग्रॅम. एक किलो कोंडा : प्रथिने ८०, कस ६५०. पाऊण किलो तांदळाची कणी : प्रथिने ३७, कस सुमारे ५६०. हा झाला तीन किलो खुराक. सगळी बेरीज : प्रथिने ६३६ ग्रॅम, कस ५ किलो २३५ ग्रॅम. जमले. कोरडे वजन काढले तर साडेनऊ किलोच्या आसपास येते. साडेतीनशे किलोची गाय तेवढे आरामात खाते, म्हणजे हे पान तिच्या पोटात मावणारे आहे. कागदावर भरपूर आणि पोटात न मावणारे असे पानही लोक मांडतात, म्हणून हे तपासायचे.

खुराकात रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ मिसळा. बरसीम असली तरी क्षार मिश्रण बंद करू नका; तांबे, जस्त यांसारखी द्रव्ये बरसीमीतून पुरेशी येतील याची खात्री नसते.

एप्रिल लागला, ऊन तापले की बरसीम संपते. तेव्हा विहीर किंवा बोअर असेल तर नेपिअरचा आधार. १५ किलो नेपिअरमधून प्रथिने १५० ग्रॅम, कस १ किलो ६५०. साडेचार किलो तणसातून कस १ किलो ६२०. प्रथिने आता निम्मीच राहिली, तेव्हा खुराकातली कणी काढा आणि ढेप वाढवा : सरकी ढेप दीड किलो, जवस ढेप अर्धा किलो, कोंडा एक किलो. प्रथिने पुन्हा सव्वासहाशेच्या जवळ येतात आणि कस ५ किलो ३०० च्या घरात. खुराक दोन्ही वेळा तीनच किलो, हे पाहा. फरक इतकाच की हिवाळ्यात तीन किलोत सव्वा किलो ढेप होती, उन्हाळ्यात दोन किलो झाली. ही पाऊण किलो ढेप रोज बरसीम वाचवत होती आणि तिच्या जागी घरची कणी चालत होती. एका गायीमागे चार महिन्यांची ही नव्वद किलो ढेप होते. हिशेब आपणच लावा.

बरसीम किती लावायची? चांगले पाणी मिळाले तर एका गुंठ्यातून एका कापणीला सुमारे शंभर किलो चारा धरायला हरकत नाही. पाच गुंठ्यांतून पाचशे किलो, म्हणजे रोज सोळा किलोप्रमाणे एक महिना, आणि तोवर पहिला वाफा पुन्हा कापायला येतो. तेव्हा एका गायीला पाच गुंठे. लवकर येणाऱ्या धानाची बांधी ऑक्टोबरच्या शेवटी मोकळी होते, ती यासाठी राखा. भारी धानाच्या बांधीत उशीर होतो आणि एक कापणी हातची जाते. बी एकरी दहा ते बारा किलो, म्हणजे पाच गुंठ्यांना सव्वा ते दीड किलो. बाजारच्या बियाण्यात कासनीचे बी मिसळलेले असते. दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो मीठ विरघळवून बी त्यात टाका, हलके कासनीचे बी वर तरंगेल, ते काढून टाका आणि खालचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या. मग त्याला बरसीमचेच रायझोबियम जिवाणू खत चोळा. ज्या बांधीत बरसीम पूर्वी कधी झाली नाही तिथे हे जिवाणू मातीत नसतात. ते चोळले नाहीत तर रोप पिवळे राहते, आणि शेतकरी म्हणतो आमच्या जमिनीला बरसीम मानवत नाही. पाच गुंठ्यांना सिंगल सुपर फॉस्फेटची अर्धी गोणी, पंचवीस किलो, पेरणीपूर्वी द्या. वाफ्यात दोन बोटे पाणी उभे करून, वारा नसताना बी फोकावे. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, पुढच्या पंचवीस-तीस दिवसांनी, आणि कापताना जमिनीपासून दोन-तीन इंच सोडून कापा. आपल्याकडे थंडी पंजाबइतकी टिकत नाही, तेव्हा सहा कापण्यांची स्वप्ने पाहू नका. चार मिळाल्या की पदरात पडले.

बरसीमचा एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. सकाळची दव पडलेली कोवळी बरसीम उपाशी गायीने भरभर खाल्ली तर पोट फुगते. डाव्या कुशीत नगाऱ्यासारखा आवाज येतो, गाय उठबस करते, श्वास तोंडाने घेते. असे झाल्यास वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा, तास-दोन तासांत जनावर जाऊ शकते. टाळायचे मात्र सोपे आहे. आधी तणस टाका, मग बरसीम. कापून चार-सहा तास सुकू द्या, किंवा कुट्टी करून तणसात मिसळा. नवी बरसीम पहिल्या दिवशी तीन किलो, मग दर दोन दिवसांनी दोन-दोन किलो वाढवत नेली की दोन आठवड्यांत पंधरावर येते. खुराकातला बदलही असाच हळूहळू करायचा. एकदम पान बदलले की पोटातले जीव गोंधळतात, गाय खाणे सोडते, आणि दोष बिचाऱ्या ढेपेला जातो.

तणसाबद्दलही दोन शब्द. मळणीनंतर पाऊस आला आणि ढीग आतून ओला राहिला, तर त्यावर बुरशी येते. असे काळे-पांढरे पडलेले तणस हिवाळ्यात सलग खाऊ घातले की काही जनावरांचे, विशेषतः म्हशींचे, पाय सुजतात, शेपटीचे टोक आणि कानाच्या कडा वाळून झडतात. याला देगनाला रोग म्हणतात. पहिली सूज दिसताच ते तणस बंद करून डॉक्टरांना दाखवा. बुरशीचे तणस गायीपुढे टाकू नका, खताच्या खड्ड्यात टाका. लाखोळी किंवा हरभऱ्याचे कुटार घरी असेल तर पाच किलो तणसातले दीड-दोन किलो कमी करून तेवढे कुटार द्या. ते तणसापेक्षा कितीतरी सरस आहे.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही त्यांनी काय करावे? त्यांना तणसावर युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो कोरड्या तणसाला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर लावत लावत झारीने सारखा शिंपडायचा. प्रत्येक थर पायाने दाबून हवा काढायची, वरून प्लास्टिकने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचे. उघडल्यावर तणस तपकिरी-पिवळे, मऊ आणि उग्र वासाचे असते. रोज लागेल तेवढे काढून तास-दोन तास मोकळ्या हवेत पसरा, मग सवय लावत द्या. याने तणस जास्त पचते आणि त्यात नत्र येतो, तरी ढेप पूर्ण सुटत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे तणस देऊ नका. आणि युरिया कधीही पाण्याच्या टाक्यात किंवा खुराकात हाताने टाकू नका, त्याने गाय मरते. प्रमाण वाढवले तर फायदा वाढेल असा हिशेब इथे चालत नाही.

आता गावच्या कारभाऱ्यांना सांगणे आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि पाणी वापर संस्थेचे पदाधिकारी हे वाचत असतील. तलावाचे किंवा कालव्याचे रब्बीचे पाणी ठरवायला आपण बसता, तेव्हा सगळी चर्चा उन्हाळी धानाची होते. एक एकर उन्हाळी धानाला जेवढे पाणी जाते तेवढ्यात त्याहून कितीतरी जास्त क्षेत्रावर बरसीम निघते, आणि तिला पाणी नोव्हेंबर ते मार्च एवढेच लागते. पण दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे लागते. धानाच्या हिशेबाने महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडले तर ती जळते. म्हणून तलावालगतच्या बांध्यांचा एक पट्टा चाऱ्यासाठी ठरवून त्याची पाळी वेगळी लावावी. हे एकट्या शेतकऱ्याला जमत नाही, तुम्ही ठरवले तरच होते. दूध संस्थांनीही एक स्प्रिंगचा काटा आणि एक टेप घेऊन ठेवावा. त्याला दोन पोती ढेपेइतकाही खर्च येत नाही.

काट्याचे यासाठी म्हणतो की आपण सगळे टोपल्याने आणि घमेल्याने मोजतो. तेच घमेले कोंड्याने भरले तर एक वजन भरते, ढेपेने भरले तर दुसरे. भिजवलेली ढेप तर पाण्यासकट मोजली जाते. एक दिवस प्रत्येक वस्तू कोरडी असताना काट्यावर तोला आणि आपल्या डब्यावर खूण करा : ढेप सव्वा किलो इथपर्यंत, कोंडा एक किलो इथपर्यंत. तणसाच्याही चार पेंढ्या तोलून पाहा, पेंढी किती किलोची ते कळेल. पुढे रोज तोलायची गरज नाही.

नवे पान सुरू केल्यावर पंधरा दिवस दुधाची नोंद ठेवा, सकाळ-सायंकाळ वेगळी. आठवड्याने शेण पाहा : थर मोडून मऊ पडायला लागले म्हणजे तणस पचू लागले, पातळ झाले तर बरसीम दोन किलो कमी करा, तणस अर्धा किलो वाढवा. शेणात कणीचे दाणे दिसले तर कणी भरडून किंवा शिजवून द्या. दूध चारावरून सहावर आले आणि तिथेच थांबले, तर गाय आधी अंगावरची झीज भरून काढते आहे असे समजा आणि महिनाभर पान तसेच ठेवा. महिन्यानंतरही तिथेच असेल तर छातीचा घेर पुन्हा मोजा. घेर वाढला आणि दूध नाही, म्हणजे गायीची कुवत तेवढीच. मग वरच्या प्रत्येक लिटरमागे चारशे ग्रॅम या हिशेबाने खुराक उतरवा. घेरही नाही आणि दूधही नाही, तर स्तनदाह किंवा जंत तपासायला डॉक्टरांना बोलवा. आणि गाय पुढे सहा-सात महिन्यांची गाभण झाली की हेच पान चालत नाही, त्याचा हिशेब वेगळा आहे. तो पुन्हा केव्हातरी.